अपघातानंतरचं पहिलं पत्र

कारखान्यात गंभीर अपघात झाला की पहिल्या दोन दिवसांत बरेच कागद तयार होतात. कारखाना निरीक्षकाकडे सूचना जाते, ईएसआयच्या शाखेकडे अपघाताचा अहवाल जातो, रुग्णालयात एमएलसीची नोंद होते आणि पोलीस जबाब घेतात. यातल्या प्रत्येक कागदाला ठरलेला नमुना आहे आणि तो कुणी, कधीपर्यंत द्यायचा हेही ठरलेलं आहे. कुटुंबाला जाणाऱ्या कागदाला मात्र नमुना नाही. जिवावर बेतेल अशी दुखापत झाली तर निरीक्षक आणि पोलिसांबरोबर नातेवाइकांनाही कळवा, असं कारखान्यांविषयीचे नियम साधारणपणे सांगतात. ते कसं कळवायचं, याबद्दल ते गप्प आहेत. त्यामुळे एचआरमधला माणूस हाताशी असलेल्या भाषेत, म्हणजे मेमोच्या भाषेत, पत्र लिहून टाकतो आणि तिथेच घोळ होतो.

एक प्रसंग कल्पून पाहू. तो काल्पनिक असला तरी असे अपघात पावसाळ्याच्या तोंडावर औद्योगिक वसाहतींत होत असतात. चाकणमधला सुटे भाग बनवणारा एक कारखाना. जुलैचा पहिला आठवडा, शेड गळते आहे. मेंटेनन्सच्या दोघांना छतावर चढवलं जातं. छत सिमेंटच्या पत्र्यांचं आहे आणि उजेडासाठी मधेमधे फायबरचे पत्रे बसवले आहेत. फायबर उन्हाने वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतो आणि त्यावर धूळ, शेवाळ साचलं की तो वरून सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो. एकाचा पाय त्यावर पडतो, पत्रा तुटतो आणि तो सुमारे पंचवीस फुटांवरून खाली काँक्रीटवर पडतो. डोक्याला मार लागतो, मांडीचं हाड मोडतं. चाकणच्या रुग्णालयातून त्याला पुण्याला अतिदक्षता विभागात हलवतात. बायको, दोन मुलं आणि आईवडील लातूर जिल्ह्यातल्या गावात आहेत. भाऊ रात्रीच्या गाडीने पुण्यात पोचतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून बहुधा असं पत्र निघतं :

‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कामगार दि. ७ जुलै रोजी छतावर काम करीत असताना पाय घसरून तोल गेल्याने व त्यांनी सेफ्टी बेल्ट न लावल्याने खाली पडून जखमी झाले आहेत. त्यांची प्रकृती स्थिर असून काळजीचे कारण नाही. कंपनी आपणास सर्वतोपरी सहकार्य करेल.’

लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नाही. तरी या तीन वाक्यांत चार गोष्टी बिघडल्या आहेत.

पहिली, ‘पाय घसरून’. हे कुणी पाहिलं? छतावरचा दुसरा माणूस पाठमोरा होता. त्याने आवाज ऐकला, वळून पाहिलं तर जागेवर भोक होतं. आपल्याकडे पडण्याची गोष्ट सांगताना ‘पाय घसरून’ हे सहज तोंडात येतं, पण ते घटनेचं वर्णन नाही, घटनेचं कारण आहे. ते एकदा लिहिलं की चूक पडणाऱ्याच्या पायाची ठरते. पत्रा तुटला की आधी पाय घसरला, हे अजून कुणालाही माहीत नाही.

दुसरी बिघडलेली गोष्ट बेल्टची, आणि ती जास्त नाजूक आहे, कारण ती खोटी नाही. त्याने बेल्ट अडकवलेला नव्हता, हे खरंच आहे. पण बेल्ट अडकवायचा कशाला? छताच्या कण्यावरून लाइफलाइन, म्हणजे दोन्ही टोकांना पक्का बांधलेला दोर, असेल तरच बेल्टच्या हुकाचा उपयोग. दोर नसताना बेल्ट कमरेला असला काय आणि नसला काय, माणूस खालीच येणार. त्याशिवाय ठिसूळ छतावर चालायला फळ्या किंवा छताची शिडी टाकावी लागते, म्हणजे भार पत्र्यावर न पडता खालच्या लोखंडी पर्लिनवर पडतो. फळ्या होत्या का, दोर होता का, हे न सांगता फक्त बेल्टचं सांगणं म्हणजे अर्धी माहिती देणं. आणि ही अर्धी माहिती नेहमी एकाच बाजूला झुकलेली असते, कारण बेल्ट लावणं कामगाराच्या हातात असतं आणि दोर बांधून देणं कंपनीच्या.

गंमत म्हणजे भरपाईच्या कायद्याला या वाक्याची फारशी गरजच नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासून आपल्याकडचं तत्त्व हेच आहे की कामामुळे आणि काम करताना इजा झाली तर भरपाई द्यायची, मालकाची चूक सिद्ध व्हायला हवी अशी अट नाही. कामगार बेसावध होता एवढ्यावरून हक्क जात नाही. दारूच्या अमलाखाली असणं, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकणं असे मोजकेच अपवाद आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही लागू होत नाहीत. ईएसआयमध्येही कामावरच्या इजेचा लाभ मालकाचा दोष ठरण्यावर अवलंबून नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले, तरी हे तत्त्व कायम आहे. तेव्हा पहिल्या पत्रात दोषाची चर्चा करून कुणाच्या पदरात काही पडत नाही. घरच्यांना मात्र एवढंच ऐकू येतं की माणूस शुद्धीवर यायच्या आत त्याच्यावर ठपका आला.

तिसरी गोष्ट ‘प्रकृती स्थिर’. डॉक्टर स्थिर म्हणतात तेव्हा नाडी, रक्तदाब, श्वास यांत गेल्या काही तासांत मोठा चढउतार झालेला नाही, एवढाच अर्थ असतो. व्हेंटिलेटरवरचा रुग्णही स्थिर असू शकतो. घरी मात्र त्याचा अर्थ ‘धोका टळला’ असा लावला जातो. म्हातारे आईवडील मग पेरणी उरकून आठवड्याने निघू म्हणतात. पुढे काही वेगळं घडलं तर या एका शब्दाने त्यांची भेट चुकवलेली असते. ‘काळजीचे कारण नाही’ हे तर डॉक्टरही म्हणालेले नसतात.

चौथी, ‘सर्वतोपरी सहकार्य’. यातून बिल कोण भरणार, या महिन्याचा पगार येणार का आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

आता याच प्रसंगाचं दुसरं पत्र पाहू. आधी फोन झालेला आहे आणि कंपनीचा माणूस रुग्णालयात भावाबरोबर आहे, असं धरलं आहे. वाईट बातमी पत्राने पहिल्यांदा कळू नये. पत्राचं काम फोनवर सांगितलेलं आणि राहून गेलेलं नीट कागदावर आणायचं.

‘सौ. ………… यांस सादर नमस्कार.

काल दुपारी आपलं फोनवर बोलणं झालं. तेव्हा सगळं सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. आज बुधवार, ८ जुलै, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत आम्हाला जे माहीत आहे ते यात लिहिलं आहे. जे घडलं त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

मंगळवारी सकाळी साधारण ११ वाजून २० मिनिटांनी आपले पती दोन नंबरच्या शेडच्या छतावर गळती बंद करत होते. हे काम त्यांना आमच्या मेंटेनन्स विभागाने दिलं होतं. त्या वेळी छतावरचा फायबरचा एक पत्रा तुटला आणि ते सुमारे २५ फुटांवरून खाली पडले. त्यांना लगेच चाकणच्या रुग्णालयात आणि तिथून दुपारी पुण्याच्या ………… रुग्णालयात नेलं.

त्यांच्या डोक्याला मार लागला आहे आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे. ते अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर आहेत. आज दुपारी ४ वाजता डॉक्टरांनी आपल्या दिरांना आमच्यासमोर सांगितलं की जिवाला असलेला धोका अजून टळलेला नाही आणि पुढे काय होईल हे आत्ता सांगता येणार नाही. आपण किंवा सासूसासरे येऊ इच्छित असाल तर आजच कळवा. गाडीची आणि पुण्यात राहण्याची सोय आम्ही करू.

पत्रा का तुटला, छतावर चालायला फळ्या होत्या का, बेल्ट अडकवायला दोर बांधला होता का, याची चौकशी चालू आहे. एक गोष्ट कळली आहे. उंचीवर काम करण्याआधी आमच्याकडे लेखी परवाना द्यावा लागतो. तो त्या दिवशी दिलेला नव्हता. असं का झालं ते अजून कळलेलं नाही. कारखाना निरीक्षक आणि पोलीस यांना आम्ही कळवलं आहे.

रुग्णालयाचं बिल आपण भरायचं नाही. आपले पती ईएसआयमध्ये नोंदलेले आहेत, ईएसआयकडून न मिळणारा खर्च कंपनी देईल. घरखर्चासाठी आज आपल्या खात्यावर २०,००० रुपये पाठवले आहेत. ते परत करायचे नाहीत आणि पुढे जे हक्काचं मिळेल त्यातून वजाही होणार नाहीत. ईएसआयकडून दरमहा काय मिळेल, ते सोबतच्या कागदावर लिहिलं आहे.

कुठल्याही कागदावर सही करण्याची आपल्याला गरज नाही. कुणी आमच्या नावाने सही मागितली तर आधी मला विचारा. माझा नंबर खाली आहे, तो रात्रीही चालू असतो.

पुढचं पत्र शुक्रवारी, १० जुलैला संध्याकाळपर्यंत पाठवू. नवीन काही कळलं नाही तरी तसं कळवू. त्याआधी प्रकृतीत बदल झाला तर लगेच फोन करू.’

खाली फॅक्टरी मॅनेजरची सही, पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. ‘करिता’ म्हणून दुसऱ्याने केलेली सही नको.

हे पत्र उभं राहतं ते प्रत्येक वाक्याच्या मागे एक माणूस किंवा एक घड्याळ आहे म्हणून. ‘संध्याकाळी ५ वाजेपर्यंत’ लिहिल्यामुळे रात्री परिस्थिती बदलली तरी पत्र खोटं ठरत नाही. प्रकृतीचं वाक्य डॉक्टरांच्या तोंडचं आहे आणि ते दिरासमोर बोललं गेलं आहे, म्हणजे गावात बसलेली बाई ते पडताळून पाहू शकते. कंपनीने स्वतःच्या अंगावर रोगनिदान घेतलेलं नाही. त्याचबरोबर स्कॅनचा अहवाल किंवा रुग्णाचा फोटो जोडलेला नाही. हे पत्र मोबाइलवर फोटो होऊन गावच्या ग्रुपवर फिरणार, हे धरून चालावं.

मायन्यातली ‘सौ.’ही विचार करून घातलेली आहे. सरकारी पत्रव्यवहारात सरसकट ‘श्रीमती’ चालतं, पण अनेक घरांत तो शब्द नवरा गेलेल्या बाईसाठी वापरतात. नवरा अतिदक्षता विभागात असताना पाकिटावर ‘श्रीमती’ दिसलं तर पत्र उघडायच्या आत रडारड होईल. ‘सदर कामगार’ जाऊन ‘आपले पती’ आलं, त्यालाही असंच कारण आहे. गावात हे पत्र बहुधा शाळकरी मुलगी किंवा मुलगा मोठ्याने वाचून दाखवणार. वाक्यं त्याला एका दमात वाचता येतील एवढीच हवीत. कुटुंब बिहार-उत्तर प्रदेशातलं असेल तर पत्र हिंदीत गेलं पाहिजे.

परवान्याचं वाक्य मात्र सहज लिहिलं जात नाही. कंपनीचा वकील मसुदा पाहतो तेव्हा सगळ्यात आधी त्याची पेन्सिल तिथे टेकते. असं कबूल कसं करायचं? पण परवाना दिला नव्हता, ही गोष्ट परवान्याचं बुक उघडलं की कुणालाही दिसते. निरीक्षक पहिल्या भेटीत तेच बुक मागतो. दोन आठवड्यांनी ही गोष्ट निरीक्षकाकडून किंवा सहकाऱ्याच्या तोंडून कळली तर घरचे पत्रातल्या इतर वाक्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत. वकिलाची अर्धी काळजी मात्र रास्त आहे. परवाना नव्हता हे घडलेलं आहे. परवाना नव्हता म्हणून अपघात झाला, हा निष्कर्ष आहे. आपल्या पत्रात पहिलं आहे, दुसरं नाही. दुःख व्यक्त करणं म्हणजे गुन्ह्याची कबुलीही नव्हे. ‘जे घडलं त्याचं वाईट वाटतं’ यात कुणी काय केलं, याबद्दल एक अक्षर नाही. ‘कोणतीही जबाबदारी न स्वीकारता’ ही ओळ वरती टाकून आलेलं दुःख मात्र कुणी खरं मानत नाही.

पत्र बरोबर आहे का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. निरीक्षकाला गेलेली सूचना, ईएसआयचा अहवाल आणि हे पत्र शेजारी शेजारी ठेवायचं. वेळ, जागा, काम कुणी दिलं, किती उंचीवरून पडले, या चार गोष्टी तिन्ही कागदांत एकच हव्यात. एका ठिकाणी ‘छतावर दुरुस्ती’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘परवानगीशिवाय छतावर गेले’ असं असेल, तर कुठल्या तरी कागदात कथा रचली गेली आहे. कुटुंबालाही सूचनेची प्रत मागून ही तुलना करता येते.

आता पैशांचा सोबतचा कागद. ईएसआयमध्ये साधारणपणे दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार येतात. काम करता येत नाही त्या काळात सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि त्यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. आपल्या कामगाराचा पगार महिना १८,००० धरला तर रोजचे ६०० होतात, त्याचे ९० टक्के ५४०. महिन्याला साधारण १६,२०० रुपये. पण हे आपोआप खात्यावर येत नाहीत. कंपनीचा अपघात अहवाल शाखेत पोचलेला हवा आणि डॉक्टरांचे दाखले एकामागून एक, खंड न पडता, जमा व्हायला हवेत. मधल्या काही दिवसांचा दाखला हरवला तर त्या दिवसांचे पैसे अडकतात. म्हणून दाखले कोण गोळा करणार, त्या माणसाचं नाव कागदावर हवं. ते काम दिराच्या गळ्यात टाकलं तर तो बिचारा अतिदक्षता विभागाच्या दारात बसेल की खिडक्या शोधत फिरेल? पैसे सुरू व्हायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून ते वीस हजार. आणि ते परत करायचे नाहीत हे स्पष्ट लिहायचं, कारण कंपनीकडून आलेली रक्कम म्हटलं की घरचे ती उचल समजतात आणि खर्च करायला बिचकतात.

एकूण भरपाई किती मिळेल, हे पहिल्या पत्रात लिहू नये. कायमचं अपंगत्व किती टक्के, हे उपचार संपल्यावर वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि आकडा त्यावर अवलंबून असतो. ईएसआय लागू नसेल तर भरपाई मालकाने द्यायची असते आणि तिचा हिशोब पगार, वय आणि अपंगत्वाच्या टक्क्यांवरून होतो. अशा वेळी पत्रात निदान एवढं हवं की हा हक्क आहे आणि त्यासाठी दाद मागता येते. हक्काची माहिती मालकानेच द्यायची, ही अपेक्षा कायद्यातही आहे. १९२३ च्या कायद्यात २०१७ साली आलेल्या दुरुस्तीने कामावर घेतानाच ही माहिती कामगाराला त्याला समजणाऱ्या भाषेत देणं मालकावर बंधनकारक केलं.

सहीचं वाक्यही यासाठीच आहे. अपघातानंतरच्या गडबडीत ‘मदत मिळाली, आता काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर किंवा कोऱ्या कागदावर सही घेतल्याच्या गोष्टी कामगारांच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक असतात. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो, पण ते सिद्ध करायला वर्षं जातात. सही करू नका, असं कंपनीनेच लिहून दिलं की ही वाट तिने स्वतःसाठीही बंद केलेली असते.

कामगार ठेकेदाराचा असेल तर गुंता वाढतो. गणवेश कंपनीचा, पगार ठेकेदाराकडून, आणि घरच्यांना दोघांपैकी एकच नाव माहीत. अशा वेळी ‘हा आमचा माणूस नाही’ म्हणून कंपनी गप्प बसते आणि ठेकेदाराचा फोन बंद असतो. भरपाई मुख्य कंपनीकडे मागता येते, ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करणं हा त्या दोघांमधला व्यवहार आहे. म्हणून पत्र ज्या कारखान्यात अपघात झाला त्याने लिहावं आणि पगार कोण देत होतं, ईएसआयची नोंदणी कुणाच्या नावाने आहे, हे त्यात साफ सांगावं. नोंदणी झालेलीच नसेल तर तेही. अपघातानंतर घाईने मागची तारीख टाकून केलेली नोंदणी पुढच्या चौकशीत बाहेर येते आणि तोवर घरच्यांचे पैसे अडकून पडतात.

पहिल्या पत्राची खरी परीक्षा शुक्रवारच्या पत्रात होते. समजा चौकशीत निघालं की काम मेंटेनन्स विभागाने नव्हे, तर प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने तोंडी सांगितलं होतं, कारण पाणी त्याच्या मशीनवर गळत होतं. मग दुसऱ्या पत्राची सुरुवात अशी हवी : ‘बुधवारच्या पत्रात आम्ही लिहिलं होतं की काम मेंटेनन्स विभागाने दिलं. ते बरोबर नव्हतं. काम प्रॉडक्शन सुपरवायझरने सांगितलं होतं, असं दोघांच्या जबाबावरून काल कळलं.’ आणि हाच बदल त्याच दिवशी निरीक्षकाकडेही लेखी जायला हवा.